गोधडीच्या चिठ्ठीवर ‘माया’ नको, टाके लिहा

गोधडीला बांधलेल्या चिठ्ठीवर ‘आजीच्या मायेची ऊब’ असं लिहिणं आपण थांबवलं पाहिजे. हे मी म्हणते तेव्हा आमच्या बचत गटातल्या काही जणींनाही वाईट वाटतं, कारण ती ओळ सगळ्यांनी मिळून ठरवली होती आणि तिच्यात खोटं काहीच नव्हतं. पण चार हिवाळे प्रदर्शनांत गोधड्या घेऊन बसल्यावर माझी खात्री झाली आहे की त्याच ओळीने आमचा भाव पाडला.

धुळ्याच्या एका प्रदर्शनातली गोष्ट आहे. एक बाई गोधडीजवळ थांबल्या, चिठ्ठी वाचली आणि गोधडी गालाला लावली. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. “अगदी आमच्या आजीसारखी,” म्हणाल्या. मग किंमत विचारली. मी सांगितली. त्या गोंधळल्याच. “अहो, पण आमची आजी तर जुन्या लुगड्यांतून घरीच शिवायची. ह्याला पैसे कसले लागतात?”

त्यांचं काही चुकलं नव्हतं. आम्हीच त्यांना आजीची आठवण करून दिली होती, आणि आजी पैसे घेत नसते. मायेची किंमत मागायची नसते हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. ज्या चिठ्ठीने गोधडी मायेची म्हणून सांगितली, तिनेच ती फुकटाची ठरवली. शिवणाऱ्या बाईचे जवळजवळ दोन आठवडे त्या एका शब्दामागे झाकले गेले. हे दोन आठवडे उघडे करून दाखवायला हवेत, आणि तेही गिऱ्हाइकाला स्वतःच्या हाताने तपासता येतील असे.

आता काम काय असतं ते सांगते.

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या भागात गोधडीचा मोसम म्हणजे चैत्र-वैशाख. कापूस वेचून झालेला असतो, गहू-हरभरा घरात आलेला असतो, शेतात काम नसतं. दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही असं ऊन असतं, आणि आखाजीला लेकी माहेरी आलेल्या असतात. एकीकडे बिबड्या-पापड, दुसरीकडे गोधडी. पूर्वी घरच्या लुगड्या-धोतरांवर भागायचं. आता घरात सुती पातळ नेसणाऱ्या म्हाताऱ्याच उरल्या नाहीत. घरोघरी पॉलिस्टरच्या साड्या आहेत, आणि पॉलिस्टर गोधडीत घातलं की ते सरकतं, घाम शोषत नाही, आणि आमच्या उन्हाळ्यात अंगाखाली घेतलं तर झोप लागत नाही. त्यामुळे जुनं सुती कापड आम्ही बोहारणीकडून विकत घेतो. एका गोधडीला वरून-खालून दोन चांगली पातळं आणि आत दोन थरांपुरतं जुनेर धरलं तर ४०० रुपये जातात. ‘जुन्या कपड्यांची तर असते’ असं म्हणणाऱ्याला हा पहिला खर्च माहीत नसतो.

कापड आलं की आधी गरम पाण्यात भिजवून धुवायचं, खडखडीत वाळवायचं, मग फॉल, काठाची दुमड, जुने शिवणीचे जोड सगळं उसवायचं. हे उसवणं कोणाला दिसत नाही, पण ते टाळलं तर जाड जोडाशी सुई अडते, वाकते, कधी मोडते. विरलेला भाग कापून टाकायचा आणि चांगले तुकडे आतल्या थरात असे मांडायचे की एकावर एक जोड येणार नाहीत. नाहीतर तिथे उंचवटा होतो आणि झोपणाऱ्याच्या पाठीला टोचतो.

मग अंथरणं. खालचं पातळ जमिनीवर ताणून पसरायचं, कोपऱ्यांवर वजन ठेवायचं, आतले थर एकेक हाताने साफ करत घालायचे, वर दुसरं पातळ, आणि सगळ्याला वीत-वीत अंतरावर कच्चे टाके. सगळ्यात जास्त गोधड्या बिघडतात त्या इथेच. आमच्याकडे शिवण कडेपासून सुरू होते आणि चौकोनात फिरत फिरत मध्याकडे येते. थरांत कुठे ढिलेपणा राहिला तर प्रत्येक फेरीबरोबर तो आत ढकलला जातो, आणि शेवटी मधोमध फुगा येतो. तो फुगा नंतर निघत नाही, सगळं उसवावं लागतं. म्हणून चांगली गोधडी ओळखायची तर कडा बघू नका. सपाट जमिनीवर पसरा आणि मधोमध हात फिरवा. हात कुठे अडखळला नाही तर अंथरणारीने आपलं काम नीट केलं आहे.

आणि मग धावदोरा. सुई वर, सुई खाली, चार थरांतून. हातात अंगुस्तान असलं तरी दोन दिवसांत बोटाचं टोक बधिर होतं. दिवसाला चार तासांपेक्षा जास्त बसलं तर मान धरते आणि डोळ्यांपुढे ओळी हलायला लागतात. जास्त वेळ बसणाऱ्या बाया आहेत, पण त्यांच्या शेवटच्या तासाचे टाके वेगळे दिसतात. लांबतात, वाकडे जातात.

हे किती होतं? मला स्वतःलाच माहीत नव्हतं. गटातल्या एका आक्कांना विचारलं तर म्हणाल्या, “बसलं की होतं.” म्हणून आम्ही मोजायला बसलो. ह्या मोजण्याइतकं उपयोगाचं काम आम्ही दुसरं कुठलं केलेलं नाही.

पाच फूट बाय सात फुटांची गोधडी घ्या. म्हणजे साधारण १५२ बाय २१३ सेंटिमीटर. दोन ओळींत एका बोटाचं, म्हणजे दोन सेंटिमीटरचं अंतर आहे. लांबी-रुंदीचा गुणाकार करून त्याला दोनने भागलं की शिवणीची एकूण लांबी मिळते: १६० मीटरच्या थोडी वर. सेंटिमीटरला एक टाका धरला तर १६ हजार टाके. आम्ही तीन वेगवेगळ्या हाताच्या बायकांना घड्याळ लावून शिवायला बसवलं. एक भरभर शिवणारी, एक मध्यम, एक सावकाश. तिघींची सरासरी तासाला चार मीटर आली. म्हणजे नुसत्या धावदोऱ्याला ४० तास. धुणं, उसवणं, अंथरणं, कच्चे टाके आणि शेवटी कडेला गोट लावणं ह्यांचे मिळून आणखी १० तास. एकूण ५०. रोज चार तासांप्रमाणे साडेबारा दिवस.

हे आकडे वाचून दाखवले तेव्हा ओट्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग आक्कांनीच विचारलं, “मन्हा हातनी मजुरी कितली व्हयनी?” माझ्या हाताची मजुरी किती झाली?

तोपर्यंत आम्ही गोधडी १,००० रुपयांना देत होतो, आणि गिऱ्हाईक घासाघीस करून त्यातलेही शंभर-दोनशे सोडवून घ्यायचं. पूर्ण हजार हातात आले असं धरू. कापड ४००, दोरा ८०, साबण आणि गोटाचं कापड ७०, मिळून ५५० सामानाचे गेले. गाडीभाडं आणि जागेचं भाडं मिळून एका गोधडीमागे १०० गेले. उरले ३५०. त्याला ५० तासांनी भागा. ताशी सात रुपये.

ह्याच आक्का पावसाळ्यात निंदणीला जातात तेव्हा जेवणाची सुट्टी सोडून सहा तासांचे २५० रुपये घेतात, म्हणजे ताशी चाळीसच्या वर. कापूस वेचायला गेलं तर किलोप्रमाणे मोजून मिळतात, आणि काटा मारला तर त्या मालकाशी भांडतात. स्वतःच्या ओट्यावर बसून, दुसरीला सहजी येत नाही असं काम केलं की मात्र सात. घरातलं काम मोजायचं नसतं ही सवय इतकी अंगी मुरलेली आहे की आपण लुटले जातो आहोत हे त्यांनाही दिसत नव्हतं, मलाही नाही. गिऱ्हाइकाला दोष देण्याआधी हे कबूल करायला हवं. वस्तू कशी बनली ही गोष्ट आधी बनवणारीलाच पूर्ण माहीत नसते. तिला ती कळल्याशिवाय दुसऱ्याला काय सांगणार?

हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन आपल्याच जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला झालं, आणि तिथलं खादी-ग्रामोद्योगाचं प्रदर्शन उघडायला गांधीजी आले होते. त्याच्या आदल्याच वर्षी, १९३५ मध्ये, गांधीजींनी चरखा संघात एक अवघड विषय लावून धरला होता. सूत कातणाऱ्या बाईला मिळेल ते देऊन खादी स्वस्त ठेवायची, की तिच्या आठ तासांच्या कामाला जगण्यापुरती मजुरी देऊन खादी महाग होऊ द्यायची? त्यांचा आग्रह आठ तासांना आठ आण्यांचा होता. प्रत्यक्षात सुरुवात त्याहून कमी दराने झाली, आणि खादी महागली तर खपणार कशी ही काळजी कार्यकर्त्यांना होतीच. पण हिशेब कुठून सुरू करायचा ते तेव्हा बदललं. बाजार किती देतो इथून सुरुवात न करता कातणारीच्या तासापासून सुरुवात करायची. मला गोधडीसाठी तेवढंच हवं आहे. फरक एवढाच की खादीच्या पाठीशी मोठी चळवळ होती आणि घेणाऱ्याला आपण दोन पैसे जास्त का देतो ते ठाऊक होतं. आमच्या गिऱ्हाइकाला ते सांगायला फक्त हाताएवढी चिठ्ठी आहे.

म्हणून चिठ्ठीवर काय लिहायचं ते महत्त्वाचं. आमची आताची चिठ्ठी अशी आहे: “चार थर, सगळे सुती. दोन ओळींत एक बोट अंतर. शिवण १६० मीटर, मीटरला १० रुपये: १,६००. धुणं, उसवणं, अंथरणं, गोट, १० तास: ४००. सामान: ५५०. ने-आण आणि विक्री: २५०. एकूण २,८००.” मागच्या बाजूला एकच ओळ: “वीतभर जागेतल्या ओळी मोजून पाहा, अकराच्या आसपास भरतील.”

मजुरी तासावर न लावता मीटरवर लावली ती विचार करून. तासावर लावली असती तर सावकाश शिवणारीला जास्त आणि हुशार हाताला कमी मिळालं असतं, आणि गिऱ्हाइकाने रास्तच विचारलं असतं की तुमच्या सावकाशपणाचे पैसे आम्ही का द्यायचे? तासाला चार मीटर आणि तासाला ४० रुपये, म्हणून मीटरला १०. भरभर शिवणारीला तासामागे जास्त सुटतात, आणि ते योग्य आहे. शिवाय तास कोणाला दिसत नाहीत, मीटर गोधडीवरच असतात. पट्टी लावा, ओळी मोजा, गुणाकार करा. आमच्यावर विश्वास ठेवा असं म्हणण्याची वेळच येत नाही.

चिठ्ठीमुळे घासाघीस थांबली का? नाही. आजही बाजारात पहिला प्रश्न तोच असतो, “इतली महाग काबर व माय?” आणि तो विचारायचा गिऱ्हाइकाला हक्क आहे. खान्देशात कापसाचा भाव पडलेल्या वर्षी २,८०० ची गोधडी घेणं किती घरांना जमेल? ज्याला जमत नाही तो कंजूष आहे, त्याला कलेची किंमत नाही, असं बोललेलं मी ऐकते तेव्हा मला राग येतो. पण आता घासाघीस वेगळ्या जागेवर आली आहे. कोणी म्हणालं, दोन हजारांच्या आत द्या, तर आम्ही म्हणतो, देऊ, ओळींत दोन बोटांचं अंतर ठेवू. शिवण निम्मी, ८० मीटर. मजुरी ८०० आणि वरच्या कामाचे ४००, दोरा कमी लागतो म्हणून सामान ५१०, विक्रीचा खर्च २५० धरून १,९६० ला बसते. ती थोडी सैल असते, धुताना थर जास्त हलतात, पहिलीपेक्षा लवकर डागडुजीला येते. हेही सांगतो. भाव खाली आणायचा असेल तर काम कमी करू, मजुरी कमी करणार नाही. हे एकदा उघड बोललं की माणसं समजून घेतात. हिशेब समोर नसताना मात्र ‘कमी करा’ म्हणजे नेमकं कोणाचं काय कमी करा, हे ना विचारणाऱ्याला कळतं, ना देणारीला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. यंत्रावर शिवलेली रजई कमी पैशांत मिळते आणि थंडी तीही घालवते. मग हाताच्या टाक्याचे एवढे पैसे का? ह्यावर ‘हाताचं ते हाताचं’ असं म्हणून चालणार नाही. ऊब थरांची असते, टाक्याची नाही, आणि थंडीपुरतंच पाहिजे असेल तर यंत्राची रजई खुशाल घ्यावी. हाताच्या धावदोऱ्याची गोधडी मऊ पडते, घडी हलकी बसते, आणि फाटली तर सुई-दोरा असलेल्या कोणालाही तेवढीच जागा पुन्हा शिवता येते. वरचं पातळ विरलं तर त्यावर नवं घालून तीच गोधडी पुढे चालते. आमच्या घरी एक आहे, तिच्यावर तीन पातळं चढली आहेत. हे ज्याला हवं त्याने ह्या किमतीचा विचार करावा. ज्याला नको त्याला डोळ्यांत पाणी आणून विकू नये. तो एकदा घेईल, आणि घरी जाऊन आपण फसलो असं त्याला वाटेल.

फसवणूक होते ती वेगळीकडे, आणि तिच्यापायी खऱ्या हिशेबावरचाही विश्वास उडतो. यंत्रावर शिवलेल्या गोधड्या हाताच्या म्हणून विकल्या जातात. ओळखायला सोपं आहे. यंत्राची शिवण वरून आणि खालून सलग रेघ दिसते, टाक्याला टाका लागलेला. धावदोऱ्यात टाका आणि मोकळी जागा आलटून पालटून येतात, वर टाका असेल तिथे खाली मोकळं असतं, आणि सोळा हजार टाके कुठल्याच हातून सारखे पडत नाहीत. दुसरी फसवणूक आतल्या थरांत असते. वरून सुती पातळ आणि आत पॉलिस्टरच्या साड्या. विकणाऱ्याला आतल्या थराचा एक धागा काढून जाळून दाखवायला सांगा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख राहते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. आमच्याकडेही सुती कापड मिळालं नाही म्हणून कधी एक थर मिसळ कापडाचा घालावा लागला आहे. तेव्हा चिठ्ठीवर तसं लिहिलं आणि सामानाचा आकडा कमी केला. त्या गोधड्या उशिरा विकल्या गेल्या, पण परत एकही आली नाही.

चिठ्ठीवर शिवणारीचं नाव आणि फोटो हवा का, ह्यावर आमच्यात बराच वाद झाला. शहरातल्या दुकानदारांना फोटो हवा असतो, शक्यतो सुरकुतलेल्या हातांचा, मागे कुडाची भिंत. मी ह्याच्या विरोधात आहे. बाईचं दारिद्र्य दाखवून मिळालेले जास्तीचे पैसे म्हणजे दान, आणि दान देणारा पुढच्या वेळी दुसरीकडे देतो. ज्या बाईला आपलं नाव हवं तिचं घालावं. दोघींनी घातलं आहे, आणि त्यांना त्याचा अभिमान आहे. बाकीच्यांनी नको म्हटलं, कारण शेजारी-पाजारी उत्पन्न मोजत बसतात. टाके मोजायला नाव लागत नाही.

मात्र एक नाव चिठ्ठीवर नसलं तरी एक आकडा असायलाच हवा, तो म्हणजे मधल्या माणसाचा. आमची गोधडी एका मोठ्या शहरातल्या दुकानाने २,८०० ला घेतली आणि आमच्या चिठ्ठीतले आकडे काढून, फक्त ‘१६ हजार टाके’ ठेवून, ५,५०० ला लावली. दुकानाला भाडं आहे, दिवे आहेत, न विकलेला माल पडून राहतो, हे मला मान्य आहे. त्याचे पैसे त्याने घ्यावेत आणि तेही लिहावेत. पण आक्कांचे टाके दाखवून किंमत पटवायची आणि त्यातला निम्मा वाटा कशाचा हे झाकायचं, तर ती गोष्ट अर्धीच सांगितली, आणि अर्ध्या गोष्टीने घेणाऱ्याचा समज असा होतो की सगळे पैसे शिवणारीला गेले. तेव्हापासून आम्ही दुकानाला माल देताना अट घालतो की चिठ्ठी आहे तशीच राहील, खाली तुमची ओळ जोडा. दोन दुकानांनी नकार दिला. एकाने जोडली, आणि त्याच्याकडे गोधड्या अजून जातात.

गेल्या वैशाखात पाच नवीन गोधड्या सांगून आल्या. आक्कांनी कापड अंथरलं, कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि सुईत दोरा ओवायच्या आधी मला विचारलं, “एक बोट की दोन?” मी गिऱ्हाइकाची चिठ्ठी काढून बघितली. एक बोट होतं. त्यांनी पट्टी मागवली, पहिल्या ओळीपासून दोन सेंटिमीटरवर खडूची खूण केली, आणि शिवायला बसल्या.